रात्रपाळी करणाऱ्या ताईची झोप: पुस्तकांतलं काय घ्यावं, काय सोडावं

रात्रपाळी आता फक्त शहरातल्या गिरण्यांची गोष्ट राहिलेली नाही. तालुक्याच्या रुग्णालयात आया आणि नर्स रात्रभर जाग्या असतात. गळीत हंगामात साखर कारखाना चोवीस तास चालतो. औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला गावातल्या मुली जातात, कुणाचा नवरा रखवालदार असतो. या सगळ्यांची तक्रार एकच असते, की दिवसा पडलं तरी झोप लागत नाही, आणि लागली तर दोन-अडीच तासांत मोडते.

झोपेवर आणि सवयींवर चांगली पुस्तकं निघाली आहेत. त्यांतली काही आम्ही या कार्यक्रमासाठी वाचली. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. बहुतेक पुस्तकं रात्री झोपणाऱ्या माणसासाठी लिहिलेली आहेत. रोज ठरलेल्या वेळी झोपा, ठरलेल्या वेळी उठा, हा सल्ला त्यांत पहिला असतो. ज्या बाईची पाळी दर आठवड्याला बदलते, तिने हे करायचं कसं? ती वाचते, तिला वाटतं आपलंच चुकतंय, आणि पुस्तक मिटून ठेवते. म्हणून आज आम्ही सांगणार आहोत की अशा बाईने या पुस्तकांतून काय घ्यावं आणि काय खुशाल सोडून द्यावं.

आधी झोप मोडते का, ते समजून घेऊ. याचं सगळ्यात सोपं उत्तर मॅथ्यू वॉकर यांच्या ‘व्हाय वुई स्लीप’ या 2017 सालच्या पुस्तकात आहे. वॉकर अमेरिकेत झोपेचा अभ्यास करतात. ते सांगतात की झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली गोष्ट झोपेची ओढ. चूल जितकी जास्त वेळ जळते तितकी राख साचते, तसंच आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. ते साचलं की डोळे जड होतात. झोपेत ही राख हळूहळू निघून जाते.

दुसरी गोष्ट शरीराचं घड्याळ. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर मेंदूत पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे. तो सकाळी अंगाची ऊब वाढवतो, दिवसभर जागं ठेवतो आणि रात्री अंग थंड करून झोपेला वाट करून देतो. पहाटे चार-पाचच्या सुमाराला अंगाची ऊब सगळ्यात कमी असते. रात्रपाळीत सगळ्यात जास्त डुलक्या याच वेळी येतात, त्याचं कारण हेच.

रात्री झोपणाऱ्या माणसाच्या या दोन्ही गोष्टी एका दिशेने ओढतात. रात्रपाळीच्या बाईच्या मात्र त्या एकमेकींविरुद्ध ओढतात. सकाळी ती घरी येते तेव्हा राख भरपूर साचलेली असते, म्हणून पडल्या पडल्या झोप लागते. पण दोन-अडीच तासांत निम्मी राख निघून जाते, आणि तोवर दुपार झालेली असते. घड्याळ तर जागं राहा म्हणून ढकलत असतंच. ओढ कमी झाली आणि ढकलणं वाढलं, की दारावरची एक हाकही झोप मोडायला पुरते. यात तिच्या मनाचा कमकुवतपणा नाही. शरीर आपलं नेहमीचं काम करत असतं.

मग प्रश्न येतो, हे घड्याळच उलटं फिरवता येईल का? त्याचं उत्तर रसेल फॉस्टर यांच्या ‘लाइफ टाइम’ या 2022 सालच्या पुस्तकात मिळतं. फॉस्टर ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकवतात. डोळ्यांत दिसण्यासाठी लागणाऱ्या पेशी नसलेल्या उंदरांचं घड्याळसुद्धा उजेडाला जुळतं, हे त्यांच्या गटाने दाखवलं. म्हणजे उजेड ओळखून घड्याळाला वेळ सांगणाऱ्या वेगळ्या पेशी डोळ्यांत असतात. या पेशींना वॉर्डातली ट्यूबलाइट फार मंद वाटते. सकाळचं कोवळं ऊनही तिच्यापेक्षा कितीतरी पट प्रखर असतं. रात्रभर ट्यूबलाइटखाली काम करून बाई सकाळी आठला बाहेर पडते, आणि ते ऊन घड्याळाला सांगतं की दिवस आत्ता सुरू झाला. त्यामुळे वर्षानुवर्षं रात्रपाळी करूनही बहुतेकांचं घड्याळ दिवसाचंच राहतं.

याची उलट बाजूही बघण्यासारखी आहे. उत्तर समुद्रात तेलविहिरींचे फलाट आहेत. तिथे संध्याकाळी सहा ते सकाळी सहा अशी सलग दोन आठवडे पाळी करणाऱ्या अनेक कामगारांचं घड्याळ आठवड्याभरात रात्रीला जुळलेलं आढळलं आहे. ते फलाटावरच राहतात. घरी जाताना सकाळचं ऊन लागत नाही, दार वाजवायला शेजारीण नसते, आणि मधल्या सुट्टीत दिवसाच्या जगात परतायचंही नसतं. आपल्या गावात यातलं एकही जमणारं नाही. म्हणून आमचं म्हणणं असं, की आठवडाभराच्या पाळीसाठी घड्याळ पूर्ण उलटं करायच्या मागे लागू नये. ते दिवसाचं आहे हे मान्य करावं, आणि त्याच्या ढकलण्यातून जास्तीत जास्त झोप कशी काढून घेता येईल ते बघावं.

आता एक उदाहरण घेऊन बघू. समजा एक ताई तालुक्याच्या रुग्णालयात आया आहे. या आठवड्यात तिची पाळी रात्री आठ ते सकाळी आठ अशी आहे. घरी दोन शाळकरी मुलं, नवरा आणि सासूबाई. वॉर्डात पहाटे सहाला चहा येतो, तो ती घेते. पावणेनऊला घरी पोचते, पुन्हा चहा घेते, भांडी घासते, कपडे धुते, स्वयंपाकाचं उरलेलं आवरते आणि अकराला आडवी होते. दीड वाजता गॅसवाला किंवा पोस्टमन हाक मारतो, ती जागी होते. मग चारपर्यंत कूस बदलत पडून राहते, त्यात कधीतरी अर्धा तास डोळा लागतो. चारला मुलं येतात आणि ती उठते.

तिच्या झोपेचा हिशेब मांडू या. अकरा ते चार म्हणजे पाच तास अंथरुणात. त्यात झोप अडीच तास आणि वर अर्धा तास, म्हणजे तीन तास. शंभर मिनिटं पडून राहिली तर साठ मिनिटं झोपली. हा हिशेब गटातल्या कुणालाही वहीच्या पानावर मांडता येईल. किती वाजता पडले, अंदाजे किती वाजता झोप लागली, कधी जाग आली, कधी उठले, आणि शेवटचा चहा कधी घेतला, एवढ्या पाच गोष्टी दोन आठवडे लिहाव्यात. मिनिटामिनिटाला घड्याळ बघू नये, उठल्यावर अंदाजाने लिहावं. झोप नेमकी कुठे गळते ते या वहीतूनच कळतं.

ताईच्या वहीत पहिली गळती दिसते चहाची. वॉकर यांच्या पुस्तकातलं हे प्रकरण आम्हांला सगळ्यात उपयोगी वाटलं. चहा-कॉफीतलं कॅफीन राख काढत नाही. ती साचलेली कळू नये म्हणून नुसता आडोसा धरतं. आणि हा आडोसा लवकर हटत नाही. एका कपातलं निम्मं कॅफीन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. गरोदर बाईच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईच्या अंगात ते आणखी जास्त वेळ टिकतं. ताई सहाला आणि पावणेनऊला चहा घेते, म्हणजे झोपताना दोन्ही कप अंगात असतात. दमलेली असल्यामुळे तिला झोप लागते खरी, पण ती उथळ राहते आणि हाक ऐकताच मोडते. तिने पाळीच्या सुरुवातीला चहा घ्यावा, मध्यरात्री घ्यावा, पण शेवटचा कप दोन-अडीचपर्यंत संपवावा. सहाच्या चहाऐवजी गरम पाणी किंवा दूध चालेल. चार दिवस डोकं जड वाटेल, मग सवय होते.

दुसरी गळती वेळेची. अकराला पडण्यात तिचे दोन तास वाया गेले. दिवस जितका वर चढतो, तितकं घड्याळ जास्त ढकलतं. घरी आल्यावर कामं उरकून मग निवांत झोपू, हा विचार आपल्याला साहजिक वाटतो, पण झोपेच्या दृष्टीने तो उलटा आहे. कामं दुपारी होऊ शकतात. साडेनऊची झोप दुपारी मिळत नाही. ताईने घरी येऊन हातपाय धुवावेत, थोडंसं खावं आणि सव्वानऊ-साडेनऊला अंथरुणावर असावं.

तिसरी गळती उजेड, आवाज आणि उकाडा. बसने किंवा जीपने येत असेल तर डोक्यावरून पदर किंवा छत्री घेऊन डोळ्यांवर ऊन येऊ देऊ नये. पण स्वतः स्कूटी चालवत असेल तर डोळे मुळीच झाकू नयेत. उलट, पाळीनंतर गाडी चालवणं हाच या नोकरीतला मोठा धोका आहे. पाळीच्या शेवटी शेवटी डुलकी येत असेल, तर त्या दिवशी बसने यावं किंवा कुणाच्या तरी मागे बसून यावं. पंधरा मिनिटं डोळा लावून मग निघालं तरी चालेल, फक्त उठल्यावर पूर्ण भानावर येईपर्यंत किल्ली फिरवू नये.

घरात खिडकीला जुनी गोधडी किंवा काळं कापड लावलं की पुरेसा अंधार होतो. पत्र्याच्या घरात दुपारी बाराला भट्टी होते, म्हणून घरातली सगळ्यात थंड खोली झोपायला घ्यावी. झोप येण्यासाठी अंगातली उष्णता बाहेर पडावी लागते. कोमट पाण्याने पाय धुतले की ती हातापायांतून लवकर निघते. पंख्याच्या एकसुरी आवाजात बाहेरचे बारीकसारीक आवाज बुडून जातात. वीज गेली की पंखा थांबतो आणि जाग येते, त्यासाठी कानात कापसाचे बोळे घातलेले बरे.

आता चौथी गळती. दीड ते चार ती पडून राहते, तिचं काय करायचं? इथे आम्हांला ग्रेग जेकब्स यांचं ‘से गुडनाइट टू इन्सोम्निया’ हे 1998 सालचं पुस्तक कामाला आलं. जेकब्स हे निद्रानाशावर औषधाविना उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांचं सांगणं असं, की अंथरुणात जागं पडून राहण्याचा मेंदूला सराव होतो. अंथरूण म्हणजे तळमळायची जागा, अशी गाठ बसते, आणि मग पाळी नसलेल्या रात्रीही अंथरुणावर टेकताच डोळे टक्क उघडतात. म्हणून वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून दुसरीकडे बसावं. अंधुक उजेडात भाजी निवडावी, कपड्यांच्या घड्या घालाव्यात. पेंग आली तर परत जावं, नाही आली तर दिवस सुरू करावा. मोबाइल मात्र हातात घेऊ नये. त्याचा उजेड एक वेळ परवडेल, पण त्यातल्या बातम्या आणि निरोप डोकं चालू करून ठेवतात.

याच पुस्तकातला आणखी एक मुद्दा रात्रपाळीच्या बाईला दिलासा देणारा आहे. जेकब्स सुमारे साडेपाच तासांच्या झोपेला गाभ्याची झोप म्हणतात. तेवढी मिळाली तर दिवसाची कामं बऱ्यापैकी निभावतात, असं त्यांचं म्हणणं आहे. रोज सात-आठ तास मिळाले तर उत्तमच, साडेपाच हे काही कायमचं ध्येय नव्हे. पण पाळीच्या आठवड्यात एवढं साधलं तरी घाबरायचं कारण नाही.

आणि हे साडेपाच तास एकाच तुकड्यात मिळायला हवेत असं नाही. ताई साडेनऊला पडली आणि पावणेदोनला जाग आली, तर सव्वाचार तास झाले. मग तिने उठून जेवावं, घरचं बघावं, मुलं आली की त्यांच्याशी बोलावं. साडेचारला पुन्हा अंधार करून दीड तास पडावं आणि सहाला उठावं. एकूण पावणेसहा तास होतात. आधीच्या तीन तासांच्या जवळजवळ दुप्पट. दुपारचा हा तुकडा दुसऱ्याही कारणासाठी मोलाचा आहे. पाळीवर जाण्याआधी राख काढून टाकली की पहाटे चारचा घाट चढणं सोपं जातं. सुरुवातीला साडेचारला झोप लागणार नाही. तेव्हा दीड तास तळमळू नये, अर्धा तास नुसतं पडून उठावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पडावं.

आठवड्याची दोन्ही टोकंही सांभाळायला हवीत. पहिल्या रात्रीच्या आधी तिने सकाळी नेहमीसारखं उठावं, पण दुपारी दोन ते चार झोप काढावी. नाहीतर पहाटेपर्यंत ती सलग चोवीस तास जागी असते. शेवटची रात्र करून आली की मात्र दुपारी बारापर्यंतच झोपावं. थोडी राख मुद्दाम शिल्लक ठेवायची, म्हणजे त्या रात्री दहाला सगळ्यांबरोबर झोप येते आणि घडी लवकर बसते.

खाण्याबद्दल थोडंसं. सच्चिदानंद पांडा हे मूळचे ओडिशाचे शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत काम करतात. त्यांचं ‘द सर्केडियन कोड’ हे 2018 सालचं पुस्तक आहे. ते सांगतात की पोटाला, यकृताला आणि स्वादुपिंडालाही आपापली घड्याळं असतात, आणि रात्री अन्न पचवायची त्यांची तयारी नसते. तीच भाकरी रात्री दोनला खाल्ली तर दुपारपेक्षा रक्तातली साखर जास्त वाढते. म्हणून ताईने मुख्य जेवण संध्याकाळी सातला, घरून निघण्याआधी करावं. रात्री भूक लागली तर मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, एखादं फळ किंवा ताक घ्यावं. सकाळी झोपण्याआधी थोडा उपमा किंवा अर्धी भाकरी खावी, नाहीतर भुकेनेच जाग येईल. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईने मात्र जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत, आधी डॉक्टरांना विचारावं. नाहीतर साखर एकदम उतरायचा धोका असतो.

आता सवयींच्या पुस्तकांकडे येऊ. इथेही तीच अडचण आहे. अमुक वाजता अमुक करायचं, अशी सवय लावायला घेतली तर पाळी बदलताच ती मोडते. यावर बी. जे. फॉग यांच्या ‘टायनी हॅबिट्स’ या पुस्तकातली युक्ती बरोबर बसते. फॉग अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले. त्यांचं म्हणणं असं, की नवी सवय वेळेला बांधू नये, आपण आधीपासून न चुकता करत असलेल्या एखाद्या कृतीला बांधावी, आणि ती इतकी छोटी ठेवावी की दमलेल्या दिवशीही टाळावीशी वाटणार नाही.

ताईसाठी अशा तीन गाठी पुरेत. घरी येऊन चप्पल काढली, की लगेच मोबाइलचा आवाज बंद करून तो सासूबाईंकडे द्यायचा. पाय धुतले, की खिडकीची गोधडी खाली सोडायची. वॉर्डात मध्यरात्रीचा राउंड संपला, की दिवसातला शेवटचा चहा घ्यायचा. पाळी कोणतीही असो, चप्पल काढणं आणि पाय धुणं ही कामं होतातच, म्हणून गाठ टिकते. झोप लागलीच पाहिजे, असं मात्र सवयीत बांधू नये. झोप आपल्या हातात नसते. गोधडी सोडणं आपल्या हातात असतं.

पुस्तकांतलं काय सोडावं, तेही सांगतो. वॉकर यांच्या पुस्तकात कमी झोपेमुळे होणाऱ्या आजारांची वर्णनं पानंच्या पानं आहेत. त्यांतल्या काही आकड्यांवर आणि ठाम विधानांवर इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत. दीर्घकाळ रात्रपाळी केल्याने तब्येतीला धोका वाढतो, हे खरं आहे. पण दुपारी दीडला टक्क जागं असलेल्या बाईने ती पानं वाचली, तर भीतीने उरलीसुरली झोपही जाईल. ती पानं सोडावीत. दुसरं म्हणजे, जेकब्स यांच्यासारख्या पुस्तकांत अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करायचा उपाय असतो. रात्री झोपणाऱ्याला तो लागू पडतो. पण गाडी चालवणारी, यंत्रावर किंवा रुग्णांजवळ काम करणारी रात्रपाळीची बाई आधीच कमी झोपलेली असते. तिने तो उपाय स्वतःहून करू नये. आणि झोपेची गोळी, मग ती शेजारणीला लागू पडलेली का असेना, डॉक्टरांनी दिल्याशिवाय घेऊ नये.

काही त्रास पुस्तकांच्या आवाक्याबाहेरचे असतात. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून उठणं, हा वेगळा आजार असू शकतो. पडल्यावर पाय आतून वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं होत असेल तर रक्त तपासून घ्यावं. लोह कमी असल्यानेही तसं होतं, आणि आपल्याकडे किती बायकांच्या अंगात रक्त कमी असतं ते तुम्हांला माहीत आहेच. पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा निघून जाग येत असेल, किंवा सुट्टीच्या दिवसांतही आठवड्यातून तीन-चार रात्री झोप लागत नसेल आणि हे तीन महिने चाललं असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावं. दोन आठवड्यांची ती पानं डॉक्टरांना दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतात.

शेवटी एक गोष्ट, जी आम्ही वाचलेल्या पुस्तकांनी फारशी मनावर घेतलेली दिसली नाही. रात्रपाळी करणारा पुरुष दिवसा झोपला, तर घर हळू आवाजात बोलतं. बाई झोपली, तर ‘घरीच आहे की’ म्हणून तिला हाक मारली जाते. गॅस तिने घ्यायचा, नळाला पाणी आलं की तिने भरायचं, शाळेतून फोन आला की तिनेच उचलायचा. साडेनऊ ते पावणेदोन हे सव्वाचार तास तिचे आहेत, हे घराने मान्य केल्याशिवाय चहा बंद करून आणि गोधडी लावून भागणार नाही.

म्हणून पाळी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी घरात बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. दारावर कोण जाईल, पाणी कोण भरेल, आणि खरोखर उठवावं लागेल असं काम कोणतं. तिसरीचं उत्तर आधीच ठरलेलं असलं की सासूबाईंनाही पेच पडत नाही. मुलाला ताप आला तर उठवायचं, सिलिंडर आला तर नाही. गटालाही यात हात लावता येईल. आपल्या गटातली कोण या आठवड्यात रात्रपाळीला आहे, ते विचारून घ्या. तिच्या आठवड्यात हप्त्याची बैठक सकाळी अकराला न ठेवता दुपारी तीनला ठेवा. आणि तिच्याकडे काही निरोप असेल, तर तोही तीनपर्यंत थांबू द्या.